घूर्णन त्रिज्या: वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे?

घूर्णन त्रिज्या हे अक्षापासून मोजलेले एक अंतर आहे. फिरणाऱ्या वस्तूचे सगळे वस्तुमान त्या अंतरावर एका अगदी पातळ कड्यात गोळा केले, तर ती वस्तू फिरवायला किंवा थांबवायला नेमका पूर्वीइतकाच जोर लागतो. हे अंतर k या अक्षराने दाखवतात. ते मीटरमध्ये किंवा सेंटिमीटरमध्ये मोजले जाते, पण वस्तूवर पट्टी ठेवून ते सापडत नाही. वस्तूचे वस्तुमान अक्षाभोवती कसे पसरले आहे, हे या एका अंतरात सामावलेले असते.

सरळ रेषेत ढकलताना वस्तू किती विरोध करते, हे फक्त तिच्या वस्तुमानावर ठरते. दहा किलोचा दगड आणि दहा किलोचे पिंप गुळगुळीत बर्फावर सारख्याच बलाने ढकलले, तर दोघांचा वेग सारखाच वाढतो. फिरवताना मात्र केवळ वजन कळून भागत नाही. तिथे बलाची जागा टॉर्क घेतो. टॉर्क म्हणजे बल आणि ते बल अक्षापासून जितक्या अंतरावर लागते ते अंतर, यांचा गुणाकार. फिरण्याचा वेग ज्या दराने वाढतो त्याला कोनीय त्वरण म्हणतात. त्वरणाला विरोध करणारी राशी म्हणजे जडत्व परिबल, I. टॉर्क जितका जास्त तितके कोनीय त्वरण जास्त, आणि I जितके जास्त तितके ते कमी.

I काढण्यासाठी वस्तूच्या प्रत्येक कणाचे वस्तुमान त्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. वर्ग कुठून आला, हे समजले की पुढचा विषय सोपा होतो. अक्षापासून दुप्पट लांब असलेल्या कणाला तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापावे लागते, म्हणून त्याला वेग देण्यासाठी दुप्पट बल लागते. शिवाय या कणाचा विरोध अक्षापासून दुप्पट लांबीच्या हातावर लागतो, त्यामुळे त्याचा टॉर्क आणखी दुप्पट होतो. दोन्ही मिळून चौपट. अक्षापासून १० सेंटिमीटरवर असलेला एक किलोचा तुकडा २० सेंटिमीटरवर सरकवला, तर वजन तेच राहूनही तो फिरवायला चार पट टॉर्क लागतो.

घूर्णन त्रिज्येमुळे या बेरजेचे दोन भाग वेगळे करता येतात:

I = mk²

यातला m वस्तुमान किती आहे ते सांगतो आणि k ते कुठे आहे ते सांगतो. दोन वस्तूंची तुलना करताना वजनाचा प्रश्न आणि आकाराचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहता येतात, हाच या राशीचा खरा उपयोग.

k म्हणजे अक्षापासूनचे सरासरी अंतर, असा समज सहज होतो, पण तो चुकीचा आहे. एका हलक्या दांड्यावर सारख्या वजनाचे दोन गोळे अक्षाच्या एकाच बाजूला बसवले आहेत, एक १ सेंटिमीटरवर आणि दुसरा ७ सेंटिमीटरवर, असे समजा. सरासरी अंतर ४ सेंटिमीटर येते आणि वस्तुमानकेंद्रही तिथेच असते. घूर्णन त्रिज्या काढण्यासाठी मात्र अंतरांचे वर्ग घ्यायचे: १ आणि ४९. त्यांची सरासरी २५, आणि २५ चे वर्गमूळ ५. म्हणजे k ५ सेंटिमीटर. लांबचा गोळा k ला आपल्याकडे ओढतो. वर्गामुळे दूरच्या वस्तुमानाला नेहमीच जास्त मान मिळतो, आणि म्हणून k सरासरी अंतराएवढी किंवा त्याहून मोठीच असते.

आता ओळखीचे आकार घेऊ. सगळ्यांची बाहेरची त्रिज्या R आहे आणि सगळे आपल्या मध्यातून जाणाऱ्या नेहमीच्या अक्षाभोवती फिरत आहेत, असे धरू. पातळ कड्याचे सगळे वस्तुमान कडेलाच असते, म्हणून त्याची k थेट R एवढी येते. याहून मोठी k या अक्षाभोवती शक्यच नाही, कारण R च्या बाहेर वस्तुमानच नाही. भरीव चकतीची k ०.७०७ R असते. अर्ध्या त्रिज्येवर ती का येत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. उत्तर चकतीच्या क्षेत्रफळात आहे. अर्ध्या त्रिज्येच्या आत चकतीचा फक्त चौथा हिस्सा असतो आणि उरलेला तीन चतुर्थांश बाहेर. गंमत म्हणजे ०.७०७ R हे अंतर चकतीचे क्षेत्रफळ बरोबर दोन सारख्या भागांत वाटते: निम्मी चकती आत, निम्मी बाहेर.

भरीव गोलाची k आणखी लहान, ०.६३२ R. गोल म्हणजे एकमेकींवर रचलेल्या चकत्याच, पण विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना त्या लहान होत जातात आणि ध्रुवांजवळचे वस्तुमान अक्षाला अगदी खेटून बसते. तोच गोल पोकळ आणि पातळ कवचाचा केला तर k ०.८१६ R होते. कड्यापेक्षा ती कमी राहते, कारण कवचाचा ध्रुवांजवळचा भाग अक्षाजवळच असतो. बाहेरून पाहून हे दोन गोल वेगळे ओळखता येणार नाहीत, पण फिरवले की त्यांच्यातला फरक लपत नाही.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ पाहण्यासाठी हाताने चालवायच्या कडबाकुट्टीचे चाक घेऊ. जनावरांसाठी कडबा बारीक करणाऱ्या या यंत्राचे मोठे बिडाचे चाक मुठीने फिरवतात, आणि पाती चाकाच्या आऱ्यांवर बसवलेली असतात. चाकाची बाहेरची त्रिज्या ५० सेंटिमीटर आणि वजन २० किलो आहे, असे मानू. त्यातले १५ किलो बीड ४० ते ५० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे कडेच्या धावेत आहे, आणि ५ किलो आऱ्यांमध्ये. पाती आणि मधला तुंबा हिशेबातून वगळू.

धावेसाठी k चा वर्ग म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्यांच्या वर्गांची सरासरी: ०.१६ आणि ०.२५ यांची सरासरी ०.२०५. त्याला १५ किलोने गुणले की ३.०७५ येते. आरा म्हणजे अक्षापासून ४० सेंटिमीटरपर्यंत गेलेला दांडा. त्याच्यासाठी k चा वर्ग लांबीच्या वर्गाचा तिसरा हिस्सा असतो, म्हणजे ०.०५३. ५ किलोने गुणले की ०.२७. एकूण I सुमारे ३.३४ किलोग्रॅम-मीटर वर्ग. आरे चाकाच्या वजनाचा चौथा भाग आहेत, पण फिरण्याला होणाऱ्या विरोधात त्यांचा वाटा फक्त आठ टक्के आहे. ३.३४ ला २० ने भागून वर्गमूळ काढले की k जवळपास ४१ सेंटिमीटर येते. तेच २० किलो बीड ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या भरीव चकतीत ओतले असते, तर k ३५ सेंटिमीटर आणि I २.५ आले असते.

आता मूठ अक्षापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि माणूस तिच्यावर साधारण साडेतीन किलो वजनाएवढा जोर सतत लावतो, असे धरू. टॉर्क जवळपास १० न्यूटन-मीटर होतो. भरीव चकतीला कोनीय त्वरण ४ रेडियन प्रति सेकंद वर्ग मिळेल आणि ती स्थिर अवस्थेतून मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाला सुमारे १.६ सेकंदांत पोहोचेल. धावेच्या चाकाचे त्वरण ३ च्या आसपास राहील आणि त्याला २.१ सेकंद लागतील. घर्षण आणि पात्यांचा अडथळा यांमुळे प्रत्यक्ष वेळ वाढेल, पण कोण आधी पोहोचेल हा क्रम बदलणार नाही.

मग चकतीच का बसवत नाहीत? कारण कडबाकुट्टीला पटकन वेग घेणारे चाक नको असते. पाते कडब्यात घुसले की चाकातली ऊर्जा एकदम खर्च होते, आणि तो झटका सोसून वेग टिकवणे हेच चाकाचे काम. मिनिटाला ६० फेऱ्या असताना धावेच्या चाकात ६६ जूल ऊर्जा साठलेली असते, तर त्याच वजनाच्या चकतीत ४९ जूल. एका कापणीत २० जूल गेले असे मानले, तर धावेच्या चाकाचा वेग मिनिटाला ५० फेऱ्यांवर उतरतो आणि चकतीचा ४६ वर. कोनीय त्वरणाला विरोध हा दोन्ही बाजूंनी असतो. जे चाक वेग घ्यायला वेळ लावते, तेच वेग सोडायलाही वेळ लावते. यंत्राचे चाक आखताना आधी ठरवायचे ते हे, की दोन्हींपैकी कोणता गुण हवा आहे. झटक्यांच्या कामाला जड धाव योग्य. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या किंवा दिशा पालटणाऱ्या यंत्राला मात्र वस्तुमान अक्षाजवळ ठेवलेला, लांबट आणि कमी व्यासाचा फिरता भाग बरा.

k विषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वस्तू एकसारख्या पदार्थाची असेल तर ती कशाची बनली आहे याचा k वर परिणाम होत नाही. सारख्या व्यासाच्या लाकडी आणि पोलादी चकत्यांची k एकच असते, आणि चकती जाड केली तरी ती बदलत नाही. बदलते ते वस्तुमान, आणि त्याबरोबर I. त्यामुळे निव्वळ k पाहून कोणती वस्तू जास्त विरोध करेल हे ठरवता येत नाही; वजन सारखे असेल तरच ती तुलना थेट करता येते. आकार तोच ठेवून वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर k दुप्पट होते, पण वस्तुमान आठ पट होते. I मध्ये k चा वर्ग असल्याने एकूण विरोध बत्तीस पट वाढतो. छोट्या नमुन्यावर सहज फिरणारा पंखा पूर्ण आकारात मोटरला जड का जातो, याचा बराचसा खुलासा या बत्तीस पटीत आहे.

अक्षाचा उल्लेख न करता k सांगणे अपुरे असते. एकाच वस्तूला, अक्ष बदलला की, वेगळी k मिळते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात फिरवली जाणारी लाठी याचे चांगले उदाहरण आहे. दीड मीटरची, सगळीकडे सारख्या जाडीची लाठी मधोमध धरून फिरवली तर k ४३ सेंटिमीटर असते. टोकाला धरून फिरवली तर ती ८७ सेंटिमीटर होते. k दुप्पट झाली, म्हणजे विरोध चौपट झाला. मधोमध धरलेली लाठी मनगटाच्या जोरावर क्षणात दिशा बदलते, आणि टोकाला धरलेल्या लाठीला सगळा खांदा लागतो, ते यामुळेच. अक्ष सरकवल्यावर नवी k काढायचा नियम सोपा आहे: वस्तुमानकेंद्रातून जाणाऱ्या समांतर अक्षाभोवतीच्या k चा वर्ग आणि दोन अक्षांमधल्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचे. लाठीसाठी ४३ चा वर्ग अधिक ७५ चा वर्ग, आणि त्याचे मूळ बरोबर त्या ८७ च्या आसपास येते. या नियमातून हेही दिसते, की एकाच दिशेच्या सगळ्या अक्षांमध्ये वस्तुमानकेंद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवती k सर्वांत लहान असते.

आकारांची तुलना करण्याची सर्वांत देखणी पद्धत म्हणजे उतारावरून घरंगळत सोडणे. घरंगळणाऱ्या वस्तूला पुढेही जायचे असते आणि फिरायचेही असते. उंची गमावून मिळालेली ऊर्जा या दोन कामांत वाटली जाते, आणि फिरण्याचा वाटा k आणि R यांच्या गुणोत्तरावर ठरतो. दोन मीटर लांब आणि एका टोकाला २० सेंटिमीटर उचललेली फळी घेतली, तर न घसरता घरंगळणारा भरीव गोल २.३९ सेकंदांत खाली येतो, भरीव नळकांडे २.४७ सेकंदांत, पोकळ गोल २.६१ सेकंदांत आणि पातळ कडे २.८६ सेकंदांत. या हिशेबात वजन आणि त्रिज्या दोन्ही छेद जाऊन नाहीशा होतात. लहान गोळी आणि मोठा गोळा, दोन्ही भरीव असतील तर बरोबरच पोहोचतात, आणि जड कडे हलक्या गोळीमागे राहते. प्रयोग करणाऱ्याला हे खरे वाटत नाही, आणि त्याने ते करूनच पाहावे.

प्रयोग फसण्याचे मुख्य कारण घसरणे. उतार फार तीव्र झाला की घर्षण वस्तूला पुरेसे फिरवू शकत नाही, आणि वस्तू फिरता फिरता घसरू लागते. कड्याला न घसरता घरंगळण्यासाठी गोलापेक्षा जास्त घर्षण लागते, म्हणून आधी घसरते ते कडे, आणि ते अपेक्षेपेक्षा लवकर खाली येते. कड्यावर खडूची एक खूण करून ठेवली की घसरणे ओळखता येते: कड्याच्या एका पूर्ण फेरीत ते आपल्या परिघापेक्षा जास्त अंतर पुढे गेले, तर ते घसरले. दुसरा फसवा प्रकार द्रवाचा. पाण्याने भरलेली सीलबंद बाटली आणि तीच बाटली पाणी गोठवून, यांची शर्यत लावली तर पाण्याची बाटली जिंकते. बाटलीचे कवच फिरते, पण आतले पाणी बहुतांशी न फिरता फक्त पुढे सरकते, त्यामुळे त्याला फिरवण्याची ऊर्जा वाचते. बर्फाला मात्र कवचाबरोबर फिरावेच लागते. वस्तूचे सगळे भाग एकत्र, एकाच कोनीय वेगाने फिरत असतील तरच k ची संकल्पना लागू पडते, हे यातून स्पष्ट होते.

ओबडधोबड आकाराच्या वस्तूची, म्हणजे एखाद्या कनेक्टिंग रॉडची किंवा बिडाच्या तुकड्याची, k सूत्राने काढता येत नाही. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत दोन दोऱ्यांवर टांगण्याची रीत वापरतात. वस्तू दोन सारख्या लांबीच्या, समांतर दोऱ्यांनी आडवी टांगायची, अशी की तिचे वस्तुमानकेंद्र दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये येईल. मग ती मध्यातून जाणाऱ्या उभ्या अक्षाभोवती थोडीशी वळवून सोडायची. ती इकडून तिकडे वळत झुलते, आणि एका झुल्याला लागणारा वेळ मोजायचा. तेवढ्याच लांबीच्या एका दोरीला लटकवलेल्या साध्या लंबकाचा आवर्तकाल आधीच माहीत असतो. वळण्याचा आवर्तकाल भागिले लंबकाचा आवर्तकाल, हे गुणोत्तर म्हणजेच k भागिले दोरीचे मध्यापासूनचे अंतर.

आकड्यांत पाहायचे तर दोऱ्या एक मीटर लांब आणि मध्यापासून प्रत्येकी २० सेंटिमीटरवर बांधल्या आहेत. एक मीटरच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल २.०१ सेकंद असतो. टांगलेल्या तुकड्याची २० आवर्तने २९ सेकंदांत झाली, तर एका आवर्तनाला १.४५ सेकंद. गुणोत्तर ०.७२, आणि k ०.७२ गुणिले २०, म्हणजे १४.४ सेंटिमीटर. अर्ध्या मीटरच्या सरळ, एकसारख्या दांड्याची k गणितानेही १४.४ सेंटिमीटरच येते, म्हणून आधी असा दांडा टांगून मांडणी नीट आहे का ते पडताळून पाहता येते. वस्तूचे वजन या सगळ्यात कुठेच लागले नाही. काटा नसेल तरी k कळते, आणि यातच या रीतीचे सौंदर्य आहे.

चुका मात्र बारीकसारीक असतात. वस्तुमानकेंद्र एका दोरीकडे सरकलेले असेल तर दोऱ्यांवर भार सारखा पडत नाही, आणि ही साधी रीत चुकीचे उत्तर देते. सोडताना हात लागून वस्तू वळण्याबरोबर पुढेमागेही झुलू लागली, तर दोन हालचाली मिसळतात आणि आवर्तनांची लय दर काही फेऱ्यांनी विस्कटल्यासारखी वाटते. ही खूण दिसली की मोजणी थांबवून पुन्हा सोडावे. मोठ्या कोनातून वळवले तर आवर्तकाल थोडा लांबतो, म्हणून कोन दहा अंशांच्या आत ठेवतात. एकच आवर्तन मोजण्याऐवजी वीस मोजतात, कारण स्टॉपवॉच दाबण्याच्या चुकीचा वाटा त्यामुळे विसाव्या हिश्शावर येतो.

कारखान्यात आणखी एका जागी चूक होते. काही मोटरच्या कॅटलॉगमध्ये फिरत्या भागाचा विरोध I ऐवजी GD² या नावाने दिलेला असतो. इथे D म्हणजे घूर्णन त्रिज्येच्या दुप्पट, घूर्णन व्यास. व्यासाचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या चौपट असल्याने GD² हा आकडा I च्या चौपट असतो. तो I समजून हिशेब केला तर मोटर सुरू व्हायला लागणारा वेळ चौपट येतो आणि माणूस गरजेपेक्षा मोठी मोटर मागवून बसतो. उलट्या दिशेने चूक झाली तर मोटर अपेक्षेपेक्षा खूप उशिरा वेग घेते, तोपर्यंत जास्त प्रवाह ओढत राहते आणि ओव्हरलोड रिले तिला बंद पाडतो.

घूर्णन त्रिज्येचा सर्वांत मोठ्या वस्तूवरचा उपयोग पृथ्वीवर झाला आहे. पृथ्वी आतून बाहेरून एकसारख्या पदार्थाची असती तर तिची k त्रिज्येच्या ०.६३२ पट, म्हणजे सुमारे ४,०३० किलोमीटर असती. प्रत्यक्ष मोजमाप वेगळे येते. पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगलेली आहे, आणि तिच्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्र टॉर्क लावतात. त्यामुळे तिचा अक्ष साधारण २६,००० वर्षांत अवकाशात एक शंकू पूर्ण करतो. याला संपातचलन म्हणतात. अक्ष किती वेगाने सरकतो यावरून, ध्रुवीय आणि विषुववृत्तीय जडत्व परिबलांतला फरक ध्रुवीय परिबलाच्या किती पट आहे ते कळते: ०.००३२७४. हाच फरक वस्तुमान आणि त्रिज्येच्या वर्गाच्या गुणाकाराशी ताडून पाहता येतो, कारण फुगवट्याचा कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांवर परिणाम होतो आणि तो अचूक मोजता येतो. ते गुणोत्तर ०.००१०८२६ येते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की फरक छेद जातो आणि उरते ०.३३०७. हेच k चा वर्ग भागिले त्रिज्येचा वर्ग. वर्गमूळ ०.५७५, म्हणजे पृथ्वीची k सुमारे ३,६७० किलोमीटर.

एकसारख्या गोलाला जी k हवी होती तिच्यापेक्षा ही साडेतीनशे किलोमीटरहून जास्त कमी आहे. वस्तुमान अक्षाकडे, म्हणजे मध्याकडे गोळा झाले आहे, याचाच हा पुरावा. पृष्ठभागावरचे खडक पाण्याच्या तीन पट घनतेच्या आसपास असतात आणि सगळ्या पृथ्वीची सरासरी घनता साडेपाच पट असते, हे आधीच माहीत होते. एमिल वीशर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकातच लोखंडी गाभ्याची कल्पना मांडली होती. १९०६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डम यांनी भूकंपाच्या लहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखवले. एकट्या k वरून गाभ्याचा आकार ठरवता येत नाही, कारण लहान पण फार जड गाभा आणि मोठा पण थोडा जड गाभा, दोन्ही सारखीच k देऊ शकतात. त्यातला नेमका कोणता, हे लहरींनी सांगितले.

चंद्रासाठी k चा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या ०.३९३ पट आहे, एकसारख्या गोलाच्या ०.४ ला अगदी लागून. चंद्राचा गाभा असलाच तर तो लहान असणार, असा अर्थ त्यातून निघतो, आणि नंतरच्या निरीक्षणांनी तसाच लहान गाभा दाखवला. मंगळाचा आकडा ०.३६४ आहे, पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधला. त्याचे वस्तुमान मध्याकडे गोळा झाले आहे, पण पृथ्वीइतके नाही.